शब्द बदलले, तरी उतारा तोच: लोणारच्या प्रकल्पाची दुरुस्ती

*मॅडम, मी एफ.वाय.बी.ए.ला आहे. भूगोलाच्या प्रकल्पासाठी लोणार सरोवरावर बारा पानं लिहिली. नेटवरून काहीच जसंच्या तसं घेतलं नाही. प्रत्येक वाक्यातले शब्द बदलले आणि इंग्रजी मजकूर स्वतः बसून मराठीत आणला, त्यात दोन रात्री गेल्या. आजीने सांगितलेली लवणासुराची गोष्टही घातली. शेवटी सात वेबसाइटची नावं दिली. तरी सरांनी पहिल्या पानावर लाल पेनने ‘वाङ्मयचौर्य, पुन्हा लिहा’ असं लिहून प्रकल्प परत दिला. मैत्रीण म्हणते, दहा टक्क्यांपर्यंत चालतं. मी नेमकं काय चोरलं? – लोणारजवळच्या एका गावातून*

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू कष्ट केले आहेस आणि तुझा हेतू फसवण्याचा नव्हता, याबद्दल मला शंका नाही. पण सरांचा शेराही बरोबर असावा. तो का, हे तुझ्याच विषयावर दाखवते. लोणारवरचा पुढचा उतारा मी या उत्तरासाठी मुद्दाम लिहिला आहे. तो तुला कुठल्यातरी लेखात सापडला, असं धरून चालू. त्याला ‘वर्गटिपण, पान ३’ म्हणू.

> लोणारचे विवर बेसाल्ट खडकात तयार झाले आहे. उल्कापातामुळे बेसाल्टमध्ये तयार झालेली आणि इतकी चांगली टिकलेली विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावरही बेसाल्टचे मोठे प्रदेश आहेत. त्यामुळे तेथील विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास करतात.

आता ‘प्रत्येक वाक्यातले शब्द बदलले’ की काय होतं ते बघ.

> लोणारची खळगी बेसाल्ट पाषाणात निर्माण झाली आहे. उल्का पडल्यामुळे बेसाल्टमध्ये बनलेल्या व इतक्या उत्तम जतन झालेल्या खळग्या धरतीवर अतिशय कमी आहेत. चंद्र व मंगळ यांच्या पृष्ठभागावरसुद्धा बेसाल्टचे विस्तृत भाग आहेत. म्हणून तेथील खळग्या जाणून घेण्याकरिता वैज्ञानिक लोणारचे अध्ययन करतात.

दोन्ही उतारे शेजारी ठेव आणि वाक्यं मोज. मूळ चार, तुझी चार. पहिल्यात खडक, दुसऱ्यात दुर्मीळपणा, तिसऱ्यात चंद्र-मंगळ, चौथ्यात निष्कर्ष, हा क्रमही तोच. ‘त्यामुळे’च्या जागी ‘म्हणून’ आलं, पण ते बसलं आहे त्याच सांध्यावर. कोणती गोष्ट आधी सांगायची, कशाला काय जोडायचं आणि कुठे थांबायचं, हे सगळं मूळ लेखकाने ठरवलेलं आहे. लिहिण्यातलं खरं काम तेच असतं, आणि ते तू त्याच्याकडून घेऊन स्वतःच्या नावावर लावलंस. म्हणून एकही वाक्य जसंच्या तसं नसतानाही याला वाङ्मयचौर्य म्हणतात.

शिवाय यात मजकूर बिघडला, हे तुझ्या लक्षात आलं का? ‘विवर’ ही भूगोलातली संज्ञा आहे. ‘खळगी’ म्हणजे पावसाळ्यात रस्त्यात पडते ती. पावणेदोन किलोमीटरहून जास्त व्यासाच्या विवराला खळगी म्हटलं की वाचणाऱ्याला कळतं, की लिहिणारीने शब्द अर्थासाठी बदललेला नाही, लपवण्यासाठी बदललेला आहे. विवर, बेसाल्ट, अल्कधर्मी, बाष्पीभवन हे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत. ते तसेच ठेवायचे. मांडणी बदलायची असते, आणि ती समानार्थी शब्दांची यादी समोर ठेवून बदलत नाही.

मग ती बदलते कशी? मी माझ्या विद्यार्थ्यांकडून हे असं करून घेते. उतारा दोनदा वाचायचा आणि पुस्तक मिटायचं, मोबाइल असेल तर दुसऱ्या खोलीत ठेवायचा. मग ज्याला या विषयातलं काही माहीत नाही अशा माणसाला ते तोंडी सांगायचं. तुझ्या घरी आजी आहे, तिला सांग. “आजी, आपलं लोणार बघायला लांबलांबचे शास्त्रज्ञ का येतात, माहितेय?” असं तू म्हणालीस, की तुझं पहिलं वाक्य बेसाल्टने सुरू होणारच नाही. आजी विचारेल, “का येतात?” आणि उत्तर देताना तू आपोआप निष्कर्षापासून मागे कारणांकडे जाशील. सांगून झालं की लगेच ते लिही. सगळ्यात शेवटी मूळ उतारा उघड आणि दोनच गोष्टी तपास: आकडा किंवा अर्थ चुकला नाही ना, आणि नकळत एखादा शब्दसमूह जसाच्या तसा आला नाही ना.

यातून साधारण असं काही निघेल:

> लोणारला येणाऱ्या अभ्यासकांचे लक्ष अनेकदा चंद्र आणि मंगळाकडे असते. वर्गटिपणानुसार याचे कारण खडकात आहे: तिकडच्या मोठ्या प्रदेशांत आणि लोणारमध्ये बेसाल्टच आढळतो, आणि बेसाल्टमधली सुस्थितीतली उल्काविवरे पृथ्वीवर मोजकीच आहेत (वर्गटिपण, पान ३). मंगळावरचा दगड हातात घेऊन पाहणे सोपे नाही. लोणारच्या काठावर मात्र हातोडी घेऊन उतरता येते.

इथे क्रम उलटा झाला, तीन मुद्दे एका वाक्यात आले आणि शेवटचं वाक्य पूर्णपणे तुझं आहे. हे सगळं करूनही संदर्भ द्यावाच लागला. शब्द आणि मांडणी तुझी झाली, तरी चंद्र, मंगळ आणि लोणार यांची सांगड तू घातलेली नाहीस, ती टिपणातून आली. पुष्कळ मुलांना वाटतं, स्वतःच्या शब्दांत लिहिलं की संदर्भातून सुटका होते. तसं नाही. याच्या उलटंही खरं आहे. तो खळगीवाला उतारा लिहून त्याच्या शेवटी ‘(वर्गटिपण, पान ३)’ जोडलं असतंस, तरी चूक राहिलीच असती. अवतरणचिन्हांशिवाय दिलेला संदर्भ वाचकाला सांगतो, की माहिती त्यांची आहे आणि वाक्यं माझी आहेत. तिथे वाक्यं तुझी नव्हती.

‘वर्गटिपणानुसार’ हा शब्द मी मुद्दाम मध्ये घातला आहे. कंस दिला की उधार घेतलेलं कुठे संपलं ते कळतं, पण ते कुठे सुरू झालं ते कळत नाही. वाक्याच्या तोंडाशी ‘अमुकांच्या मते’ किंवा ‘अमुक अहवालानुसार’ आलं, की दोन्ही टोकं दिसतात. हातोडीचं वाक्य कंसानंतर आहे, त्यामुळे ते कोणाचं हे विचारावं लागत नाही. तुझ्या सात वेबसाइटच्या यादीची अडचण हीच आहे. बारा पानांतलं कोणतं वाक्य कोणत्या वेबसाइटवरून आलं आणि कोणतं तुझ्या डोक्यातून, हे सरांना त्या यादीवरून कळायला मार्ग नाही. यादी हवीच, पण तिच्यातल्या प्रत्येक नावाचा मजकुरात कुठेतरी उल्लेख हवा, आणि मजकुरातल्या प्रत्येक उल्लेखाची नोंद यादीत हवी.

आता भाषांतराकडे येऊ. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांकडून सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्याबद्दल त्यांना कोणी नीट सांगत नाही. दोन रात्री जागून तू इंग्रजी मजकूर मराठीत आणलास ते काम खरं आहे, पण ते भाषांतरकाराचं काम आहे. भाषांतरकार पुस्तकावर मूळ लेखकाचं नाव आधी घालतो आणि आपलं नंतर. तू मूळ लेखकाचं नावच वगळलंस. भाषा बदलली तरी वाक्याचा बांधा तसाच येतो, आणि तो दिसतो. हे बघ:

> जून २०२० मध्ये सरोवराच्या पाण्याचा रंग गुलाबी झाला, ज्याचे कारण हॅलोआर्किया होते, जे असे सूक्ष्मजीव आहेत जे अत्यंत खारट पाण्यात वाढतात.

ही ‘ज्याचे… जे… जे’ची माळ मराठी माणूस बोलताना लावत नाही. मागचं इंग्रजी वाक्य तिच्यातून आरपार दिसतं. तुझ्या सरांनाही अशाच वाक्यांवरून समजलं असेल, त्यासाठी त्यांना कुठलं सॉफ्टवेअर लागलं नसेल. हेच नीट लिहिलं तर:

> जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी दिसू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात आणि पाण्याला रंग त्यांच्यामुळे आला, असे त्यातून पुढे आले.

याच्यापुढे कंसात काय लिहायचं, हे तू काय वाचलंस त्यावर ठरतं. संस्थेचा मूळ अहवाल वाचला असेल तर तो दे. वर्तमानपत्रातली बातमी वाचून लिहिलं असशील, तर त्या वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दे. बातमी वाचायची आणि संदर्भ मात्र अहवालाचा द्यायचा, हे खोटं आहे, कारण तू न वाचलेलं वाचल्याचा दाखला देतेस. बातमीतल्या अहवालाचा उल्लेख करायचाच असेल तर ‘अमुक बातमीत उद्धृत’ असं लिहावं. असा संदर्भ दिसायला कमी भारदस्त वाटतो, पण खरा असतो. आणि एखादं वाक्य भाषांतर करूनच वापरायचं असेल तर ते अवतरणचिन्हांत घाल, मूळ लेखकाचं नाव दे आणि पुढे ‘भाषांतर माझे’ असं लिही. मग तुझ्या दोन रात्रींचं श्रेयही तुला मिळेल.

संदर्भ देणं म्हणजे नुसती शिस्त आहे असं अजून वाटत असेल, तर प्रकल्पातलं विवराच्या वयाचं वाक्य काढ. मी पैज लावते, ते असं असेल: ‘लोणार सरोवर सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी उल्कापातामुळे निर्माण झाले.’ हा आकडा सगळीकडे सापडतो आणि त्याच्याजवळ बहुतेक ठिकाणी कोणाचंच नाव नसतं. तो थर्मोल्युमिनेसन्स या पद्धतीने काढलेला आहे. उल्का आदळून खडक प्रचंड तापला, तेव्हापासून त्यात किती ऊर्जा साठत गेली, हे मोजून ती पद्धत वय काढते. पुढे २०११ मध्ये जूर्दाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉनच्या समस्थानिकांवर आधारलेल्या पद्धतीने त्या आघातात वितळलेल्या खडकाचं वय काढलं. ते आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. फरक दहापटीहून जास्त आहे! म्हणजे तुझ्या वाक्याने एका मोजणीचा निकाल सर्वमान्य सत्य म्हणून सांगितला. दुरुस्त वाक्य असं:

> लोणारच्या वयाचे दोन फार वेगळे अंदाज आहेत. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले (सेनगुप्ता व इतर, १९९७), तर आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे (जूर्दाँ व इतर, २०११).

‘व इतर’ म्हणजे त्या लेखाचे लेखक अनेक आहेत आणि सगळ्यांची नावं यादीत येतील. हे दोन लेख तू स्वतः उघडून पाहिलेस तरच हे कंस असे लिही. नाहीतर मघाचा ‘उद्धृत’ इथेही लागू होतो. कंस आल्याबरोबर वाचकाला प्रश्न विचारता येतो: कोणी मोजलं, कधी, कशाने? नाव नसलेल्या आकड्याला हा प्रश्न विचारता येत नाही, आणि मग तो तीस-तीस वर्षं प्रकल्पातून प्रकल्पात फिरत राहतो.

म्हणजे प्रत्येक वाक्यामागे कंस लावायचा का? नाही. लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे याला संदर्भ नको. सरोवराचं पाणी खारट आहे यालाही नको, तुझ्या गावातलं पोरही ते सांगेल. जे या विषयाच्या कुठल्याही साध्या पुस्तकात वाद न होता सापडतं, ते सगळ्यांचं. आकडा असेल, कोणाचं तरी मत किंवा निष्कर्ष असेल, दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी वाचल्या असतील, तर संदर्भ हवा. ठरवता येत नसेल तेव्हा दे. जास्तीच्या संदर्भाबद्दल कोणी वाङ्मयचौर्याचा शेरा मारत नाही.

आजीच्या गोष्टीबद्दलही बोलायला हवं. लवणासुर आणि त्याला मारणारा दैत्यसूदन विष्णू ही कथा छापील स्वरूपात मिळते, पण तू ती आजीच्या तोंडून घेतलीस. कदाचित तिच्या सांगण्यात असा एखादा तपशील असेल जो छापील कथेत नाही. मग ती तुझी स्रोत आहे आणि तिला श्रेय द्यायला हवं. ‘तोंडी माहिती: आजी, वय, गाव, दिनांक’ एवढं पुरे. नाव घालण्याआधी तिला विचार. तिचं एखादं वाक्य ऐकताच अंगावर येईल असं असेल, तर ते तिच्याच बोलीत, अवतरणचिन्हांत जसंच्या तसं ठेव. थेट अवतरण अशाच जागी शोभतं, जिथे शब्द बदलले की जीव जातो, किंवा व्याख्या आणि कायद्याच्या कलमासारखं जिथे शब्द बदलले की अर्थ बदलतो. बेसाल्टबद्दलच्या साध्या माहितीला अवतरण कशाला? पानभर अवतरणं जोडून तयार झालेला प्रकल्प चोरीचा नसतो, पण त्यात तू कुठे दिसत नाहीस.

मैत्रिणीचे दहा टक्के आले आहेत ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतून. त्यात प्रबंधांसाठी साम्याचे टप्पे आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. ही दंडाची पट्टी आहे, उचलायची परवानगी नाही. सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द मोजतं. नीट अवतरणात घातलेला मजकूरही त्याला जुळलेला दिसू शकतो, आणि तुझा खळगीवाला उतारा त्याच्या हातून निसटूही शकतो. इंग्रजीतून मराठीत आणलेला तर बहुतेक वेळा निसटतोच. बारा पानांत दहा टक्के म्हणजे जवळजवळ सव्वा पान होतं. ते सव्वा पान एकाच लेखातून सलग उचललेलं असेल, तर आकडा काहीही येवो, ते उचललेलंच आहे.

माझ्याकडूनही हे झालं आहे. एम.ए.चा प्रबंध लिहिताना मी ग्रंथालयात बसून वह्या भरत असे. कुठे उतारा जसाच्या तसा उतरवायची, कुठे माझा विचार लिहायची, सगळं एकाच निळ्या शाईत. आठ महिन्यांनी वही उघडली तेव्हा त्यातलं एक वाक्य मला माझंच वाटलं. ते मी प्रकरणाच्या सुरुवातीला घातलं. मार्गदर्शकांनी ते वाक्य कुठून आलं असं विचारल्यावर मी ठामपणे ‘माझं आहे’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक आणून पान उघडून समोर ठेवलं. ओळ शब्दशः तीच होती. त्या वेळची लाज मला आजही आठवते. तेव्हापासून माझ्या वहीत पानाच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव आणि लेखक, समासात पान क्रमांक, उतरवलेलं सगळं लाल शाईत अवतरणचिन्हांसकट, आणि माझं काळ्या शाईत. वेबसाइट असेल तर पत्ता आणि ती पाहिल्याची तारीख, कारण वेबसाइटवरचा मजकूर बदलतो. नोंद घेताना हे दोन मिनिटांचं काम आहे. नंतर शोधायला बसलं की दिवस जातात, आणि तू आता त्याच दिवसांत आहेस.

तेव्हा प्रकल्प पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेऊ नकोस. आधी सात वेबसाइट उघड आणि तुझ्या बारा पानांत प्रत्येक परिच्छेदाच्या समासात, तो ज्या वेबसाइटवरून आला तिचा आकडा पेन्सिलीने घाल, १ ते ७. आजीचं असेल तिथे ‘आ’, तू स्वतः पाहिलेलं किंवा सुचलेलं असेल तिथे काही नको. ज्या परिच्छेदाला आकडा सापडणारच नाही आणि तो तुझाही नाही, तो काढून टाक. मग सलग एकच आकडा असलेली पानं आधी घे, कारण मांडणी तिथेच जशीच्या तशी आलेली असते. तो उतारा आजीला सांग आणि मग लिही. वयाचा परिच्छेद वेगळा ठेव, त्यासाठी ग्रंथालयात जावं लागेल. संदर्भयादी कोणत्या पद्धतीने हवी, लेखकाचं आडनाव आधी की लेखाचं नाव, वर्ष कुठे, हे महाविद्यालयागणिक बदलतं. ते सरांना विचार, आणि विचारायला जाताना पेन्सिलीच्या आकड्यांची ही पानं सोबत ने.